भेग, पाणी आणि आमचा ओटीजी

बहिणीचा चाळिसावा वाढदिवस 14 जूनला होता. तिने क्रीमचा केक नको म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं, चीजकेक हवा, तोही भाजलेला, जिलेटिन घालून फ्रीजमध्ये घट्ट केलेला नको. बाहेर चौकशी केली तर किलोभराचा भाजलेला चीजकेक अडीच-तीन हजारांच्या खाली कोणी बोलेना. घरात अठ्ठावीस लिटरचा ओटीजी होता, हाताशी एप्रिल-मे होते, म्हणून घरी करायचं ठरलं. त्या दोन महिन्यांत चीजकेकला भेगा पडण्याचे आणि पाणी सुटण्याचे बहुतेक सगळे प्रकार बघून झाले. ओटीजीवर चीजकेक करू पाहणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून जे जसं घडलं तसं लिहिते आहे.

सुरुवात क्रीम चीजपासून, कारण पैसे तिथेच जातात. दुकानात ‘चीज स्प्रेड’ आणि ‘क्रीम चीज’ शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि डबे दिसायलाही सारखेच. चीज स्प्रेड हे प्रोसेस्ड चीज असतं, ते ह्या कामाचं नाही. क्रीम चीजमध्येही दोन जाती. एक वडी किंवा ब्लॉक, आणि दुसरं पावाला लावायला मऊ केलेलं डब्यातलं. मऊ असणाऱ्यात बहुतेक वेळा पाणी किंवा हवा जास्त असते, आणि भाजताना ते पाणी जाणार कुठे? अमेरिकेत क्रीम चीज म्हणवून घ्यायला निदान 33 टक्के फॅट लागतं आणि पाणी 55 टक्क्यांच्या वर चालत नाही. परदेशी पाककृती तो माल धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे डबा उलटा करून 100 ग्रॅममध्ये फॅट किती ते वाचायचं. तिशीच्या आसपास असेल तर घ्यायचं, विशीत असेल तर पावालाच लावायचं.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला केकच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे मला देशी क्रीम चीजचा एक किलोचा डबा साडेसातशेच्या आसपास पडला. आयात केलेल्या दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमच्या वडीला साडेचारशे सांगत होते, म्हणजे केवळ चीजचेच हजारभर रुपये झाले असते. सरावाला देशीच घेतलं आणि शेवटपर्यंत तेच वापरलं. जाताना बर्फाच्या पिशवीसकट थर्मासची पिशवी न्या. एप्रिलमध्ये सीएसएमटीवरून दादरपर्यंत लोकलने येईस्तोवर डबा कोमट होतो.

मध्ये एकदा घाई होती म्हणून क्रीम चीज घरपोच मागवलं. डबा आला तो दगडासारखा गोठलेला. कुणीतरी डीप फ्रीजरमध्ये ठेवला असणार. दुसऱ्या दिवशी उघडलं तर कडेने पिवळसर पाणी आणि मधला भाग रवाळ. क्रीम चीज गोठलं की आत धरून ठेवलेलं पाणी सुटं होतं आणि कितीही फेटलं तरी परत मिसळून येत नाही. तसा डबा आला तर परत करा, नाहीतर सरळ पराठ्यात घाला. पैसे परत मिळायला मला आठवडा लागला आणि फोटो तीनदा पाठवावे लागले.

पहिला चीजकेक केला गुड फ्रायडेच्या सुट्टीला, 18 एप्रिलला. पाककृती होती चार अंड्यांची, ओव्हन 160 अंशांवर, वेळ एक तास. चाळिसाव्या मिनिटाला काचेतून बघितलं तर चीजकेक टिनाच्या वर फुगून आलेला, कडा तपकिरी आणि मधोमध भेग पडायला सुरुवात झालेली. तासाने बाहेर काढला तेव्हा भेग आरपार, बोट जाईल एवढी. गार झाल्यावर मधला भाग खाली बसला. सकाळी कापला तर सुरीला ओलसर कण लागत होते आणि ताटलीत पाणी उतरलं होतं.

आई बघून म्हणाली, “अगं, हा खरवसासारखाच झालाय. आच जास्त झाली की त्यालाही अशीच जाळी पडते आणि खाली पाणी सुटतं.” तेव्हा ती मला नुसती शेरेबाजी वाटली, पण नंतर कळलं की नेमकं निदान तेच होतं. चीजकेक नावाला केक, त्यात मैदा फुलवायचं काम नसतंच. अंड्यातली प्रथिनं गरम झाली की एकमेकांना धरतात आणि त्यांच्या जाळीत दूध-चीजमधलं पाणी अडकून राहतं. मधोमध सत्तर अंशांच्या आसपास ही जाळी छान धरलेली असते. पंचाहत्तरच्या पुढे गेलं की ती आवळायला लागते, आणि आवळली की पाणी बाहेर ढकलते. आवळताना पृष्ठभाग ताणला जातो आणि फाटतो. म्हणजे भेग आणि पाणी ह्या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, पुष्कळदा एकाच जास्तीच्या आचेच्या आहेत.

मग प्रश्न आला की 160 वर आच जास्त झालीच कशी. पार्ल्याच्या ओळखीच्या एक काकू घरून केक करून देतात, त्यांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ओव्हनमध्ये थर्मामीटर आहे का?” नव्हता. साडेतीनशे रुपयांना आत टांगायचा थर्मामीटर आणला. ओटीजी 160 वर लावला आणि पंधरा मिनिटांनी बघितलं तर काटा 185 वर. लाल दिवा विझल्यावर हळूहळू 150 पर्यंत खाली आला, मग रॉड पेटल्यावर पुन्हा वर. ओटीजीचं हे असंच असतं. आतली जागा लहान, रॉड पदार्थाच्या अगदी जवळ, आणि थर्मोस्टॅट ढोबळ. बिस्किटं, नानकटाई ह्यात खपून जातं. अंड्याचा पदार्थ खपवून घेत नाही. आमच्या ओटीजीत खरे 150 मिळवायला बटण 130 च्या थोडं पुढे ठेवावं लागतं. तुमच्यात वेगळं असेल. अर्धा तास रिकामा चालवून काटा कुठून कुठे फिरतो ते लिहून ठेवा आणि तो कागद ओटीजीवरच चिकटवा.

काकूंनी दुसरी गोष्ट सांगितली ती अंड्यांची. चार अंडी त्या पाककृतीला एवढ्या चीजमागे जास्तच होती. पांढरं जास्त असलं की चीजकेक फुगतो आणि घट्ट होतो. पिवळ्याने तो मऊ राहतो. त्यांनी साडेचारशे ग्रॅम चीजला दोन अंडी आणि वर एक पिवळं एवढंच घ्यायला सांगितलं. आणि अंडी शेवटी, एकेक करून, हातानेच ढवळून. मिक्सर लावायचा तो चीज आणि साखर एकजीव होईपर्यंत. अंडं पडलं की मिक्सर बंद. कारण अंडं हवा धरतं. ती हवा ओव्हनमध्ये फुगते, चीजकेक वर येतो, आणि बाहेर काढल्यावर हवा आकसली की मधला भाग खाली बसतो आणि कडेने फाटतो. मिश्रण टिनात ओतल्यावर टिन ओट्यावर तीन-चारदा आपटायचा, वर येणारे बुडबुडे टूथपिकने फोडायचे.

इथे आपल्या हवेचा एक फायदा आहे. चीज आणि अंडी फ्रीजमधून काढून साध्या तापमानाला आणायला बाहेर दोन तास ठेवायला सांगतात. मे महिन्यात दादरच्या स्वयंपाकघरात अर्धा-पाऊण तास पुरतो. त्याहून जास्त ठेवायची गरज नाही आणि ठेवूही नये. थंड चीजच्या गुठळ्या राहतात, त्या मोडायला मग जास्त फेटावं लागतं आणि हवा शिरते, एवढ्याचसाठी हे सगळं.

10 मेचा चीजकेक ओव्हनमधून सुरेख निघाला. सपाट, फिकट, एकही चरा नाही. मी सगळ्यांना बोलावून दाखवला. सकाळी फ्रीज उघडला तर मधून तिरकी बारीक भेग! ह्या भेगेचं कारण पहिल्यासारखं नव्हतं, आणि ते कळायला भेग कधी पडली हेच बघावं लागतं. ओव्हनमध्ये असताना, फुगून पडली तर आच किंवा हवा. ओव्हनमधून नीट निघून नंतर पडली तर गार होण्यात गडबड. चीजकेक गार होताना आकसतो. कड टिनाला चिकटलेली असेल तर ती सोडत नाही, मग मधूनच फाटतो. शिवाय आमच्या घरी तो जेवणाच्या टेबलावर, पंख्याच्या बरोबर खाली ठेवला होता, आणि तासाभराने झोपायची वेळ झाली म्हणून कोमटच फ्रीजमध्ये गेला. वरचा थर आधी गार होऊन आकसतो, आत अजून ऊन असतं. त्या ओढाताणीत भेग पडते.

त्याच चीजकेकवर पाणीही होतं, पण तेही निराळं. वर स्वच्छ थेंब, दवासारखे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तसेच. बोटाने टिपून चाखलं तर निव्वळ पाणी. कापल्यावर आतला भाग मऊ, एकसारखा, कण नाहीत. हे कोमट चीजकेकची वाफ झाकणाला लागून खाली पडलेलं पाणी. भाजण्यात काही बिघडलेलं नव्हतं. त्यामुळे पाणी दिसलं की आधी कुठे आहे ते बघा. वर थेंब असतील तर वाफ. कापलेल्या बाजूतून पिवळसर पाणी झिरपत असेल आणि पोत रवाळ असेल तर जास्त भाजलं, किंवा चीजच पाणचट. आणि आतला भाग उत्तम पण बिस्किटाचा थर कडेने लगदा झालेला असेल तर पाणी टिनात बाहेरून शिरलंय.

हा शेवटचा प्रकार पुढच्याच वेळी झाला. पाण्याच्या ट्रेमध्ये टिन ठेवून भाजतात, कारण पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कडा रॉडच्या थेट आचेपासून वाचतात आणि मधल्या भागाच्या फार पुढे धावत नाहीत. वाफेने वरचा भागही सुकत नाही. पण तळ सुटा निघणाऱ्या टिनाच्या फटीतून पाणी आत जातं. त्यावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळतात. आपल्याकडे मिळणारी घरगुती फॉइल पातळ असते, दोन पदर गुंडाळले तरी कोपऱ्यात कुठेतरी फाटतेच. मला उपाय सापडला तो असा की सात इंची टिन आठ इंची साध्या, अखंड टिनात ठेवायचा आणि तो मोठा टिन पाण्यात. मधे अर्ध्या इंचाची हवा राहते, थोडा वेळ जास्त लागतो, पण पाणी शिरायचा प्रश्नच मिटतो. आठ इंची टिन मला दोनशे रुपयांना पडला आणि तो एरवीही उपयोगी पडतो.

आता चक्क्याबद्दल. बऱ्याच पाककृतींत आंबट क्रीम असतं, ते इथे सहज मिळत नाही, मिळालं तर महाग. दादरला डेअरीत चक्का मिळतो, तो उत्तम चालतो. मात्र श्रीखंडाला चालणारा चक्का इथे जरा ओला पडतो. मी तो मलमलीच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवते, वर वजन, आणि फ्रीजमध्ये रात्रभर. दोनशे ग्रॅममधून चांगलं चार-पाच चमचे पाणी निघतं, तेच पुढे ताटलीत दिसलं असतं. सगळा चीजकेक चक्क्याचा करायला जाऊ नका. त्यात फॅट कमी आणि आंबटपणा जास्त, पोत कोरडा होतो. शंभर ग्रॅमपर्यंत ठीक. त्यासोबत एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर घालायचा. तो सुटं पाणी धरतो आणि अंड्याची जाळी फार आवळू देत नाही. काही लोकांना त्याने चव पिठूळ वाटते. एका चमच्याने मला तरी जाणवली नाही, दोनने जाणवली.

मेच्या शेवटी आणखी एक खरेदी केली, ती आधीच करायला हवी असं काकू म्हणत होत्या: टोचायचा डिजिटल थर्मामीटर, पाचशे रुपये. ‘मधला भाग थोडा हलला पाहिजे’ असं सगळे लिहितात, पण थोडा म्हणजे किती ते हात बसल्याशिवाय कळत नाही. माझं आता असं आहे की कडेपासून दोन इंच स्थिर आणि मधला तीन इंचांचा भाग टिन हलकेच हलवल्यावर एकसंध थरथरला पाहिजे. तो सुट्या पातळ लाटेने हिंदकळत असेल तर अजून कच्चा. ह्याच्याशी थर्मामीटरचे आकडे जुळवत गेले की डोळा तयार होतो. टोचल्याचं भोक हीसुद्धा भेगेची सुरुवात ठरू शकते, म्हणून सारखं टोचत बसू नका. थरथर बरोबर वाटली की मगच टोचा, आणि दुसऱ्यांदा त्याच भोकात.

वाढदिवसाचा चीजकेक 13 जूनला, शुक्रवारी केला. सकाळी सुट्टी घेतली होती. सव्वाशे ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा साठ ग्रॅम वितळलेल्या बटरमध्ये मिसळून सात इंची टिनात दाबला, दहा मिनिटं भाजून गार केला. बाजूंना बटर लावून बटर पेपरची पट्टी चिकटवली, म्हणजे आकसताना कड सुटायला मोकळी. साडेचारशे ग्रॅम चीज आणि एकशे वीस ग्रॅम साखर मिक्सरच्या सर्वांत कमी वेगावर, मग शंभर ग्रॅम दाबलेला चक्का, एक चमचा कॉर्नफ्लॉवर, व्हॅनिला, अर्ध्या लिंबाची किसलेली साल. अंडी हाताने. गाळणीतून गाळून टिनात. मोठ्या टिनाबाहेर ट्रेमध्ये इंचभर कढत पाणी. सर्वांत खालची जाळी, दोन्ही रॉड, ओव्हनमधला पंखा बंद, कारण पंख्याच्या हवेने वरची साय सुकते आणि फाटते.

साडेअकराला आत ठेवला. पन्नासाव्या मिनिटापर्यंत दार उघडलं नाही. तेव्हा बराचसा हिंदकळत होता. वरून तपकिरी व्हायला लागला म्हणून फॉइलचा सैल ताव वर ठेवला. सव्वा तासाने थरथर मनासारखी झाली, टोचून बघितलं तर 63. आणखी पाच-सहा मिनिटांनी 66. लगेच बंद. दारात लाकडी उलथनं अडकवून फट ठेवली. बंद केल्यावरही आतलं तापमान चढत राहतं. पंधरा मिनिटांनी 70 झालं होतं, मग उतरायला लागलं. ओव्हनमध्येच 70 होईपर्यंत थांबलं असतं तर ते पुढे 74-75 वर गेलं असतं, आणि तिथून पुन्हा खरवस.

तासाने बाहेर काढला, पट्टीच्या बाहेरून पातळ सुरी फिरवली, टिनाची कडी तशीच ठेवली. पंख्यापासून लांब, जाळीवर, तासभर. तोपर्यंत टिनाचा तळ हाताला गार लागत होता. मग फ्रीजमध्ये, पहिला तास उघडाच, नंतर वर ताटली आणि ताटलीखाली टिश्यू पेपर ताणून, केकला न टेकेल असा. सकाळपर्यंत हात लावायचा नाही. संध्याकाळीच कापून बघितला की मधे ओला, कच्चा वाटतो आणि लोक पुढच्या वेळी वीस मिनिटं जास्त भाजतात. तो कच्चा नसतो. त्यातलं फॅट घट्ट व्हायला आठ-दहा तासांची थंडी लागते.

वर हापूसच्या फोडी लावायचा बहिणीचा हट्ट होता. जूनमधला हापूस पाणचट आणि फोडींवर साखर पडली की रस सुटणारच, म्हणून फोडी बोरिवलीला बहिणीकडे पोचल्यावर, वाढायच्या आधी लावल्या. पावसाळी हवेत फ्रीजमधून काढलेल्या चीजकेकवर पाचच मिनिटांत दव धरतं. त्यावर उपाय, खोका बंदच ठेवायचा. पाणी खोक्याला लागतं, चीजकेकला नाही. खोक्यात शेजारी बर्फाच्या दोन पिशव्या घातल्या आणि टॅक्सीने नेला. गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने बारा तुकडे झाले. कडेला केसाएवढी रेघ होती, ती मलाच दिसत होती.

शनिवार असल्यामुळे तिच्या सासूबाईंनी अंड्याचा म्हणून खाल्ला नाही. त्यांच्यासाठी बिनअंड्याचा करायचा तर हे सगळं गणित बदलतं, कारण धरायला अंडंच नसतं. तिथे कंडेन्स्ड मिल्क आणि जास्त कॉर्नफ्लॉवरवर काम भागवतात. तो मी अजून केलेला नाही.

ह्या शेवटच्या चीजकेकचा सामानाचा खर्च सहाशेच्या आत बसला. थर्मामीटर दोन आणि जास्तीचा टिन मिळून हजार-अकराशे वेगळे. उरलेले तुकडे फ्रीजमध्ये चार दिवस चांगले राहतात. डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे झाले तर एकेक तुकडा नीट गुंडाळून ठेवा आणि खायच्या आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढा, ओट्यावर नको. तरी थोडं पाणी सुटतंच.